जनित्र फिरते, पण दिवा लागत नाही: विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या स्लाइड्समधली दरवर्षीची अडचण

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. प्रवर्तनाचा धडा आला की दरवर्षी त्याच जागी गाडी अडते. प्रोजेक्टरवर स्लाइड्स दाखवून होतात, मुले मान डोलावतात, व्याख्या पाठ करतात. मग मी विचारतो, “कॉइलचे तोंड नेमके चुंबकाच्या ध्रुवाकडे आहे, आरपार जास्तीत जास्त बलरेषा जात आहेत. या क्षणी व्होल्टेज किती?” अर्ध्याहून जास्त वर्ग ओरडतो, “सगळ्यांत जास्त!” खरे उत्तर शून्य आहे.

बरीच वर्षे मी हा मुलांच्या घोकंपट्टीचा दोष मानत होतो. दोष माझ्या स्लाइड्समध्ये होता, हे एका मुलाच्या न चाललेल्या जनित्राने दाखवले. ज्यांच्या वर्गात हीच चूक पुन्हा पुन्हा येते, त्यांच्यासाठी ती कुठून येते आणि कशी काढायची ते सविस्तर लिहितो.

न चाललेले जनित्र

या मुलाच्या काकांचे पंपसेटच्या मोटरी रिवाइंड करण्याचे दुकान आहे. तांब्याची इनॅमल तार घरचीच. त्याने पुठ्ठ्याचा छोटा खोका घेतला, त्यावर १२०० वेढे मोजून घातले आणि खोक्याच्या आरपार एक लांब खिळा घातला. खिळ्यावर जुन्या स्पीकरमधला गोल, मध्ये भोक असलेला चुंबक बसवला. खिळा भोकातून नेमका जात होता, त्यामुळे चुंबक जराही न डगमगता भोवऱ्यासारखा फिरायचा. तारेची दोन टोके खरवडून लाल एलईडीला जोडली होती. काम इतके नेटके की मीही खूश झालो.

पण दिवा लागेना. तो म्हणाला, “सर, फिरवून फिरवून हात दुखायला लागला की ओ, लाइट काय लागंना. काकाच्या ड्रिलला लावून पण फिरवलं.”

ड्रिलला लावूनही नाही, म्हणजे वेग कमी हे कारण नाही. मीटरने कॉइलचा रोध मोजला तर सुमारे १३० ओहम आला. ३६ गेजच्या सव्वादोनशे मीटर तारेचा तेवढाच यायला हवा. म्हणजे तार तुटलेली नाही आणि टोकांवरचे इनॅमलही नीट निघाले आहे. एलईडी पेन्सिल सेलच्या जोडीवर, मध्ये छोटा रोधक घालून तपासला, तो लागला. तार चांगली, दिवा चांगला, चुंबक ताकदवान, फिरणेही जोरात. माझ्या स्लाइडवर लिहिले होते: “कॉइलमध्ये चुंबक फिरवला असता विद्युतधारा निर्माण होते.” मुलाने स्लाइडवरचे वाक्य अक्षरशः पाळले होते आणि तरी काहीच होत नव्हते.

कारण त्या गोल चुंबकात होते. स्पीकरच्या चुंबकाचे ध्रुव त्याच्या दोन चपट्या बाजूंवर असतात. खिळा भोकातून गेला की उत्तर-दक्षिण ही दिशा खिळ्याच्याच दिशेत येते. आता तो कितीही फिरवा, उत्तर ध्रुव खिळ्याच्या एका टोकाकडे तोंड करून तिथेच राहतो. कॉइलच्या दृष्टीने चुंबक स्थिरच आहे. आपल्या डोळ्यांना फिरणे दिसते, कॉइलमधून जाणाऱ्या बलरेषांमध्ये मात्र काहीच फरक पडत नाही.

मग आम्ही गोल चुंबक काढला आणि दोन आयताकृती फेराइट चुंबक खिळ्याच्या दोन्ही अंगांना चिकटवले, ध्रुव खिळ्याला आडवे येतील असे. एका बाहेरच्या अंगाला उत्तर, दुसऱ्या अंगाला दक्षिण. मग खिळ्याला तीन सेंटिमीटर व्यासाची रबरी चकती बसवली आणि सायकल उलटी करून ती मागच्या टायरला टेकवली. टायरचा व्यास साधारण ६६ सेंटिमीटर, म्हणजे चाकाच्या एका फेरीत खिळ्याच्या २२ फेऱ्या. चाक हाताने सावकाश, दोन सेकंदांत एकदा फिरवले तरी खिळा सेकंदाला ११ वेळा फिरतो. दिवा लागला.

तेव्हा वर्गात झालेली शांतता मला अजून आठवते. तीच तार, तेच वेढे, तोच मुलगा. महत्त्वाचा फरक एकच: चुंबकाचे ध्रुव आता खिळ्याला आडवे होते.

स्लाइडमध्ये काय चुकत होते

घरी जाऊन सगळ्या स्लाइड्स या नजरेने पुन्हा पाहिल्या. तीन गोष्टी सापडल्या.

पहिली म्हणजे वाक्य. “चुंबकीय क्षेत्रामुळे विद्युतधारा निर्माण होते” आणि “चुंबक फिरवला असता विद्युतधारा निर्माण होते” अशी दोन वाक्ये होती. दोन्हींत “बदल” हा शब्दच नाही. पहिल्यात मुलाला वाटते क्षेत्र पुरेसे आहे, दुसऱ्यात वाटते फिरणे पुरेसे आहे. खरी अट अशी: कॉइलच्या आरपार जाणाऱ्या बलरेषांची संख्या बदलत असली पाहिजे, आणि बदलत आहे तोवरच. या आरपार जाण्यालाच फ्लक्स म्हणतात. आमची मुले दहावीनंतर पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, इंग्रजीत शिकतात, तिथे पहिल्याच तासाला हा शब्द येतो. म्हणून मी आता तो दहावीतच सांगून टाकतो. शेजारच्या कन्नड शाळेतली मुले याच धड्याला “प्रेरणे” म्हणतात, आमचे पुस्तक “प्रवर्तन” म्हणते. नाव कोणतेही असो, मुलाच्या मनात “बदल” बसला नाही तर तो शब्द पोकळच राहतो.

दुसरी गोष्ट चित्राची, आणि माझ्या मते खरी चूक इथेच होते. स्लाइडवर कॉइल ध्रुवांच्या मध्ये सरळ उभी, तोंड ध्रुवाकडे, रेषा आरपार, आणि शेजारी पिवळ्या किरणांसह पेटलेला बल्ब. चित्र काढायला हीच स्थिती सोयीची, कारण रेषा कॉइलमधून जाताना स्पष्ट दिसतात. पण नेमक्या याच क्षणी व्होल्टेज शून्य असते! स्थिर चित्रात पेटलेला बल्ब दाखवला की मूल चित्रावर विश्वास ठेवते, खालची ओळ काहीही म्हणो. तो बल्ब मी खोडून टाकला.

तिसरी गोष्ट ॲनिमेशन. कॉइल गरगर फिरताना छान दिसते, पण कोणत्या क्षणी काय होते हे कुणालाच दिसत नाही. फिरणारे चित्र आणि व्होल्टेजची लहर शेजारी शेजारी ठेवली तरी मुले दोन वेगळ्या गोष्टी बघतात. ॲनिमेशन काढून त्या जागी मी थांबलेल्या चार स्थिती आणल्या.

अठ्ठेचाळीस रेषांचा हिशेब

ही स्लाइड मी आता सगळ्यांत सावकाश दाखवतो, अर्धा तास गेला तरी चालेल. त्या मुलाच्या कॉइलचाच हिशेब घेतो. कॉइलचे तोंड चार सेंटिमीटर बाय पाच सेंटिमीटर, आत चुंबकाचे क्षेत्र सरासरी एक पन्नासांश टेस्ला धरू. हा अंदाज आहे; तुमच्या चुंबकाप्रमाणे तो कमी-जास्त होईल. १२०० वेढ्यांचा मिळून फ्लक्स ४८ मिलिवेबर येतो. मुलांना मी मिलिवेबर सांगत नाही, “४८ रेषा” म्हणतो आणि एक रेषा म्हणजे एक मिलिवेबर असे मनात धरतो.

चुंबकाचा ध्रुव कॉइलच्या तोंडातून सरळ बाहेर बघतो, तेव्हा ४८ रेषा आरपार जातात. चुंबक ३० अंश वळला की ४२ उरतात. ६० अंशांवर २४. आणि ९० अंशांवर, ध्रुव कॉइलच्या बाजूच्या तारांकडे वळलेला असताना, आरपार जाणारी रेषा एकही नाही.

इथे थांबून मुलांना वहीत फक्त वजाबाकी करायला सांगतो. पहिल्या ३० अंशांत किती घटल्या? सहा. दुसऱ्या ३० अंशांत? अठरा. तिसऱ्यात? चोवीस. चुंबक एकाच वेगाने फिरतो आहे, प्रत्येक टप्प्याला सारखाच वेळ लागतो. तरी पहिल्या टप्प्यात ४८ पैकी फक्त सहा गेल्या आणि शेवटच्या टप्प्यात चोवीस.

आता व्होल्टेज. चुंबक सेकंदाला पाच फेऱ्या मारतो असे धरू. एका फेरीत ३० अंशांचे बारा टप्पे, म्हणजे सेकंदाला साठ टप्पे. पहिल्या टप्प्यात सहा मिलिवेबर घटले, साठने गुणले की ३६० मिलिव्होल्ट, म्हणजे ०.३६ व्होल्ट. दुसऱ्यात अठरा गुणिले साठ, १.०८ व्होल्ट. तिसऱ्यात १.४४ व्होल्ट. ही त्या त्या टप्प्याची सरासरी आहे. नेमक्या ९० अंशांच्या क्षणी साधारण १.५ व्होल्ट. रेषा सगळ्यांत जास्त होत्या तिथे व्होल्टेज सगळ्यांत कमी, आणि रेषा शून्यावर आल्या तिथे व्होल्टेज सगळ्यांत जास्त.

वहीतल्या या तीन वजाबाक्यांनी जे काम केले ते माझ्या भाषणाने इतक्या वर्षांत केले नव्हते. सूत्र मी यानंतर दाखवतो, आधी नाही:

```
V = - ΔΦ / Δt
```

यात Φ सगळ्या वेढ्यांचा मिळून आहे. वजा चिन्हामुळे घटणारा फ्लक्स धन व्होल्टेज देतो. आपली “किती घटल्या” ही वजाबाकी तेच करते. स्लाइडसाठी आलेख हवा असेल तर स्प्रेडशीटच्या पहिल्या स्तंभात अंश लिहा, A2 मध्ये 0, A3 मध्ये 30, असे 720 पर्यंत, आणि पुढे ही दोन सूत्रे खाली ओढा:

```
B2:  =48*COS(RADIANS(A2))
C2:  =(B2-B3)*60/1000
```

शेवटच्या ओळीतला C रिकामा सोडा, कारण तिच्या खाली वजा करायला काही नसते. टप्पा ३० ऐवजी १० अंशांचा घेतला तर सेकंदाला १८० टप्पे होतात, म्हणून ६० च्या जागी १८० लिहायला विसरू नका. मी एकदा विसरलो आणि व्होल्टेज एकतृतीयांश आले, मुलांनीच पकडले. C ही टप्प्याची सरासरी आहे, म्हणून खालच्या आलेखात तिचा बिंदू टप्प्याच्या मधोमध काढा: ३० अंशांचा टप्पा असेल तर १५, ४५, ७५ अशा अंशांवर. दोन्ही आलेख एकाखाली एक ठेवा, शेजारी शेजारी नको. वरच्या आलेखाचा माथा आणि खालच्या आलेखाचे शून्य एकाच उभ्या रेषेवर आले की डोळ्यांना आपोआप पटते.

तरीही एखादे मूल अडतेच: “पण सर, एवढ्या रेषा आहेत आणि व्होल्टेज नाही, असं कसं?” त्याला मी मलप्रभेच्या पुलावर नेतो, निदान मनाने. कणकुंबीकडे पाऊस कोसळला की नदी चढायला लागते. पुलाच्या खांबावरच्या खुणा बघणारा माणूस दोन वेगळ्या गोष्टी सांगू शकतो: पाणी कुठवर आले आहे, आणि तासाभरात किती चढले. पूर सगळ्यांत उंच असतो त्या क्षणी पाणी चढतही नसते आणि उतरतही नसते. फ्लक्स म्हणजे खांबावरची खूण, व्होल्टेज म्हणजे चढण्या-उतरण्याचा वेग. आमच्या भागातल्या मुलांना हे लगेच कळते, कारण पाणी “अजून चढतंय का” हा प्रश्न त्यांनी घरात ऐकलेला असतो. या उदाहरणाची मर्यादा एवढीच की तारेतले इलेक्ट्रॉन का ढकलले जातात हे ते सांगत नाही.

मग ढकलते कोण?

हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतेच, आणि तो टाळू नये. चुंबक तारेला शिवत नाही, मग तारेतले इलेक्ट्रॉन हलतात कशाने?

तार हलते आणि चुंबक स्थिर, तेव्हा उत्तर सोपे आहे. चुंबकीय क्षेत्रातून सरकणाऱ्या प्रभारावर बल लागते. तारेबरोबर तिच्यातले इलेक्ट्रॉनही सरकतात, म्हणून त्यांच्यावर तारेच्या लांबीच्या दिशेने बल लागते. पुस्तकातल्या जनित्रात कॉइल फिरते, तिथे हेच घडते. कॉइलचे तोंड ध्रुवाकडे असताना तिच्या बाजू क्षणभर रेषांच्या दिशेनेच सरकतात, रेषांना आडव्या जात नाहीत, म्हणून बल नाही. वजाबाकीतून आले तेच उत्तर इथून पुन्हा मिळते. “तार रेषा कापते” हा शब्दप्रयोग या प्रकारात चालतो.

आपल्या खोक्यात मात्र तार स्थिर आहे आणि चुंबक फिरतो. स्थिर इलेक्ट्रॉनवर चुंबकीय बल लागत नाही. इथे खरी गोष्ट वेगळी आहे: चुंबकीय क्षेत्र बदलत असेल तर त्या बदलाभोवती विद्युत क्षेत्र तयार होते, आणि ते गोल फिरणारे असते. सेलच्या क्षेत्राला एक टोक धन आणि एक टोक ऋण असते. याला टोके नसतात, ते वळसा घालते. त्या वळशात तारेचा एक वेढा ठेवला की वेढ्यातल्या सगळ्या इलेक्ट्रॉनांना एकाच फिरत्या दिशेने ढकल मिळते. दुसरा वेढा ठेवला की तेवढीच ढकल आणखी एकदा. १२०० वेढे एकापुढे एक जोडलेले, म्हणून १२०० वेळा. वेढे वाढवल्यावर व्होल्टेज का वाढते याचे कारण हे आहे.

कोण हलते यावर कारण वेगळे, पण व्होल्टेज दोन्हीकडे तेवढेच. हे विलक्षण आहे, आणि मुलांना ते तसेच सांगावे. आइन्स्टाइनने १९०५ सालचा सापेक्षतेचा लेख चुंबक आणि तारेच्या याच जोडीपासून सुरू केला होता.

एक शब्द जपून वापरा. बदलणारे क्षेत्र आधी व्होल्टेज देते. विद्युतधारा वाहते ती परिपथ पूर्ण असेल तरच. “बदलामुळे करंट तयार होतो” एवढेच लिहिले तर तार सुटलेल्या जनित्रात मूल गोंधळते. माझ्या स्लाइडवर आता “बदल → व्होल्टेज → परिपथ पूर्ण असेल तर करंट” अशी साखळी आहे.

फॅरडेचीही सुई अशीच हलली होती

इथे दोन मिनिटे इतिहासाला देतो, कारण तो हीच चूक दाखवतो. मायकेल फॅरडेने २९ ऑगस्ट १८३१ ला लोखंडी कड्यावर दोन कॉइल गुंडाळल्या, एकीला बॅटरी जोडली, दुसरीजवळ सुई ठेवली. बॅटरी जोडताना सुई हलली आणि परत आली. बॅटरी चालू असेपर्यंत काही नाही. काढताना पुन्हा हलली, उलट दिशेने. त्या काळचे लोक सततची धारा शोधत होते आणि मिळाला तो क्षणाचा झटका.

जिनिव्हाच्या कोलादोनची गोष्ट मुलांच्या जास्त लक्षात राहते. त्याने १८२५ मध्ये कॉइलमध्ये चुंबक सरकवून पाहिला होता. चुंबकाचा थेट परिणाम सुईवर होऊ नये म्हणून त्याने गॅल्व्हानोमीटर दुसऱ्या खोलीत ठेवला. चुंबक सरकवला आणि चालत जाऊन सुई पाहिली. तोपर्यंत ती शून्यावर परतलेली. शोध त्याच्या हातून सहा वर्षे आधी निसटला, कारण बघण्याच्या वेळी बदल संपलेला होता.

प्रत्यक्षात अडते तिथे

स्लाइड्स सुधारल्या तरी जनित्र चालले नाही तर मुलांचा विश्वास उडतो. आमच्याकडे पुन्हा पुन्हा आलेल्या अडचणी सांगतो.

सुई हलते, पण ती खोटी असते. होकायंत्रावर तार गुंडाळून केलेला गॅल्व्हानोमीटर जवळ ठेवला तर फिरणारा चुंबकच सुईला ओढतो. मुले आनंदाने टाळ्या वाजवतात, आणि प्रवर्तन कुठेच झालेले नसते. तपासायला सोपे आहे: एक तार सोडा आणि तसेच फिरवा. तरीही सुई हलली तर ती चुंबकाने हलवली. गॅल्व्हानोमीटर दीड-दोन मीटर लांब न्या, पण कोलादोनसारखा दुसऱ्या खोलीत नको. तो डोळ्यांसमोर हवा.

हळू फिरवले की सुई डावी-उजवी डोलते आणि जोरात फिरवले की शून्यावर थरथरत थांबते. मुलांचा निष्कर्ष: “जोरात फिरवलं की करंट बंद होतो.” सुई जड आहे, सेकंदाला दहा वेळा दिशा बदलणाऱ्या धारेमागे ती पळू शकत नाही, म्हणून दोन्हीकडची ढकल फिटून मध्येच राहते. मल्टिमीटर डीसीवर ठेवला तरी असेच आकडे शून्याभोवती उड्या मारतात. स्वस्त मल्टिमीटरमध्ये एसीची सगळ्यांत लहान रेंज बहुधा २०० व्होल्टची असते. तिथे एक-दीड व्होल्ट कसेबसे दिसते. यावर सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे दोन एलईडी, एक लाल आणि एक हिरवा, एकमेकांना उलट जोडलेले. धारा एका दिशेने गेली की लाल, दुसऱ्या दिशेने गेली की हिरवा. वर्गात अंधार करा आणि एलईडी लांब तारेवर धरून आडवे झटका. हवेत लाल-हिरवे तुकडे एकाआड एक दिसतात, मध्ये अंधाराचे पट्टे. एसी म्हणजे काय हे यापेक्षा नीट दाखवणारे दुसरे काही मला माहीत नाही.

अंधाराचे ते पट्टे का पडतात, हेही हिशेबातून निघते. लाल एलईडीला पेटायला साधारण १.८ व्होल्ट लागतात. सेकंदाला पाच फेऱ्यांना आपले कमाल व्होल्टेज १.५, म्हणून दिवा लागतच नाही, जरी व्होल्टेज तयार होत असते. आठ फेऱ्यांना कमाल २.४ व्होल्ट, तेव्हा प्रत्येक अर्ध्या फेरीत ध्रुव बाजूच्या तारांजवळून जात असताना, म्हणजे ९० अंशांच्या आसपासच, दिवा चमकतो. ध्रुव तोंडाकडे असताना अंधार. हिरव्याला थोडे जास्त व्होल्टेज लागते, तो उशिरा पेटला तर घाबरू नका. उलट जोडलेली जोडी आणखी एक काम करते: फार जोरात फिरवल्यावर येणाऱ्या उलट व्होल्टेजपासून दोन्ही एलईडी एकमेकांना वाचवतात.

रोध बरोबर, चुंबक बरोबर, तरी व्होल्टेज जवळजवळ नाही, असे झाले तर गुंडाळणी बघा. खिळ्याला जागा सोडायची म्हणून अर्धे वेढे एका अंगाला आणि अर्धे दुसऱ्या अंगाला घालतात. पलीकडे जाताना हात उलटा फिरला की दुसऱ्या सहाशे वेढ्यांची ढकल पहिल्या सहाशेच्या विरुद्ध होते आणि बेरीज शून्याजवळ येते. सगळी तार उलगडायची गरज नाही. दोन भागांमधला जोड कापा, एका भागाची टोके अदलाबदल करून पुन्हा जोडा. आणि दोन आयताकृती चुंबकांची बाहेरची तोंडे होकायंत्राने तपासा. दोन्हीकडे एकच ध्रुव आला असेल तर रेषा एकमेकींना काटतात आणि गोल चुंबकासारखीच अवस्था होते.

“भार जोडला की हाताला जड लागते” ही लेन्झच्या नियमाची स्लाइड मी या खोक्यावर दाखवत नाही. इथे जेमतेम काही मिलिवॉट तयार होतात, हाताला काहीच कळत नाही, आणि न कळणारी गोष्ट कळली म्हणायला मुलांना लावू नये. त्यासाठी जुन्या सायकलचा डायनामो आणतो, सहा व्होल्ट तीन वॉटचा. आधी दिवा न जोडता चाक फिरवायचे, मग दिवा जोडून. रिकाम्या डायनामोतही चुंबक लोखंडाला अडकत अडकत फिरतो, म्हणून फरक या दोहोंमधलाच मोजायचा. त्या डायनामोतही आपल्या खोक्यासारखीच कॉइल स्थिर असते आणि चुंबक फिरतो. पुस्तकातल्या चित्रातल्या कड्या आणि ब्रश त्यात का नाहीत, हे मुलांनी मग स्वतःच सांगितले.

त्या मुलाचा गोल चुंबक मी शाळेच्या कपाटात ठेवला आहे. आता धड्याची पहिली स्लाइड दाखवण्याआधी तो खिळ्यावर बसवून कॉइलमध्ये जोरात फिरवतो, एलईडी जोडलेला, आणि वर्गाला विचारतो की दिवा का लागत नाही.